एकदा रेकॉर्डिंग दिलं म्हणजे आवाजच दिला का?

"दादा, त्या कंपनीने एआयवर माझाच आवाज काढून नवीन जाहिराती केल्यात, मी एक शब्द रेकॉर्ड केलेला नाही. विचारलं तर म्हणतात करारात परवानगी आहे. मग मी पैसे मागायचे तरी कशाचे?"

स्क्रिप्टचे माग आणि वापराचे माग, तासांचे अजिबात नको. तासांवर गेलीस की ते म्हणणार तू स्टुडिओत आलीच नाहीस, आणि विषय तिथेच संपला.

ही माझी मावसबहीण, डबिंग करते. त्या कंपनीला तिने एक माहितीपट व्हिडिओ एका बैठकीत करून दिला होता, ठरलेले पैसे मिळाले, झालं. काही महिन्यांनी सहा छोट्या जाहिराती दिसल्या, आवाज तिचाच. तिला कळलं कशावरून, तर 'जास्त' या शब्दावरून. आपण दात लावून जो ज म्हणतो तो तिथे हिंदीतल्या 'जाना'सारखा आला होता, 'चांगला'मधला चही तसाच. "दादा, आवाज माझा पण असं मी झोपेतसुद्धा बोलणार नाही." मॉडेल बहुतेक हिंदीवर जास्त पोसलेलं, मराठीतले दोन च आणि दोन ज त्याला कुठून माहीत असणार. मी तिला सांगितलं, त्या शब्दांच्या वेळा लिहून ठेव आणि व्हिडिओ उतरवून ठेव, उद्या काढून टाकले तर?

फॅमिली ग्रुपवर टाकलं तर काकांना वाटलं फसवणुकीच्या कॉलचं चाललंय, ओटीपी देऊ नका म्हणाले. भाचा म्हणाला आवाजावर आपोआप कॉपीराइट असतो, नोटीस पाठव. अर्धं बरोबर आहे त्याचं. रेकॉर्डिंगवर हक्क असतो, पण नुसत्या आवाजावर कॉपीराइट नसतो. अमेरिकेत एआयवर आवाज बनवून विकणाऱ्या लोव्हो कंपनीवर दोन व्हॉइस आर्टिस्टनी केस केली, त्यांचं म्हणणं असं की आवाज दिला 1200 आणि 400 डॉलरला, एकाला सांगितलं होतं फक्त रिसर्चसाठी, दुसरीला रेडिओ जाहिरातींच्या चाचणीसाठी. जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने कॉपीराइटचे बरेचसे मुद्दे काढून टाकले, पण परवानगीशिवाय आवाज धंद्यासाठी वापरल्याचा दावा पुढे चालू ठेवला. आणि ते दोघं कोणी स्टार नव्हते, हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्याकडे चर्चा होते ती अरिजित सिंगची. जुलै 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने त्याला आवाजाच्या एआय नकलांपासून संरक्षण दिलं, चांगलंच झालं, पण त्यात त्याच्या प्रसिद्धीला वजन होतं. जिचा आवाज रोज ऐकतो पण नाव कोणालाच माहीत नाही, तिने कशाच्या जोरावर उभं राहायचं?

मी इथे कॅलिफोर्नियात व्हिडिओच्याच धंद्यात आहे. आमच्याकडची एक सहकारी वर्षानुवर्षं आवाजाचे करार लिहिते, तिला बहिणीच्या करारातलं वाक्य वाचून दाखवलं: "रेकॉर्डिंग सर्व माध्यमांत, आज असलेल्या व पुढे येणाऱ्या तंत्रज्ञानाने, कायमस्वरूपी वापरता येईल." ती म्हणाली, यात रेकॉर्डिंग वापरायचं लिहिलंय, त्यावरून नवीन आवाज बनवायचं कुठे लिहिलंय? इथे 1 जानेवारी 2025 पासून कायदा आहे, माणसाच्या कामाच्या जागी त्याची डिजिटल नक्कल वापरायचं कलम असेल आणि नेमका वापर लिहिला नसेल, वर कलाकाराच्या बाजूने वकील किंवा युनियनही नसेल, तर ते कलम चालत नाही. पण वकील होता तर मोघम कलमही टिकू शकतं, असं तिने लगेच बजावलं. आणि हा कायदा बहिणीच्या कामाचा नाही हेही खरंच आहे, पण कलम कसं वाचायचं ते तरी त्यातून कळतं.

पैशांचं म्हणाल तर, तिला एका कामाचे 100 मिळाले धरा. सहा स्क्रिप्ट म्हणजे 600, ती स्वतः बोलली असती तर द्यावेच लागले असते. त्यावर वापर वेगळा, नुसत्या नेटवर की टीव्हीवरही, तीन महिने की वर्ष, मुदत संपली की परत पैसे. सहकारी म्हणते तिचा वेळ गेला नाही तर स्क्रिप्टमागे थोडं कमी घ्यायला हरकत नाही. मला अजिबात पटत नाही, तिचं काम त्यांनी तिच्याच आवाजाने काढून घेतलंय, सूट कसली द्यायची? आमचं यावर अजून जमलेलं नाही.

आणि परवानगी एका स्क्रिप्टची असते, मॉडेलची नाही. उद्या त्याच आवाजात गुटख्याची किंवा एखाद्या पक्षाची जाहिरात आली तर नाही म्हणायचा हक्क तिच्याकडे राहायला हवा. म्हणून मेलमध्ये तिला तीन प्रश्न लिहायला लावले: मॉडेल कुठल्या रेकॉर्डिंगवरून केलं, ते आत्ता कोणाकोणाकडे आहे, आणि कधी पुसणार.

परवा उत्तर आलंय. सहापैकी दोन जाहिरातींचे पैसे द्यायला तयार आहेत, मॉडेलबद्दल एक ओळ नाही. तिने परत तेच तीन प्रश्न पाठवलेत.