वडिलांचं खातं आवरायची सोपी रीत

वडील गेले की तेराव्यानंतर पहिलं काम करा: त्यांचा मोबाईल नंबर बंद करा. रिचार्जचे पैसे वाचतात. कार्डावर किंवा यूपीआयवर लावलेली वर्गणी कापायच्या चोवीस तास आधी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज त्याच नंबरावर येतो. नंबर गेला की कटकट गेली. पैसेही जातात, पण आवाज न करता.

मग एटीएम कार्ड ब्लॉक करून निर्धास्त व्हा. मीही झालो. गाण्यांच्या अॅपची वर्गणी खरोखरच थांबली. (बाबा रेडिओपलीकडे काही ऐकत नसत. तो नातवाने दाबलेला 'पहिला महिना मोफत' होता.) पण पासबुकात दर महिन्याच्या सात तारखेला ACH अशी ओळ येतच राहिली, २९९ रुपयांची. कसलंतरी आरोग्य कार्ड. बाबांनी फॉर्मवर सही केली होती ती खाते क्रमांकापुढे, त्यामुळे कार्ड चिरडून टाकलं तरी तिला काही होत नाही. बँकेत मृत्यूचा दाखला दिला असता तर खातं थांबलं असतं आणि कापणंही. पण इतकी घाई कशाला? त्यापेक्षा खात्यात शिल्लकच ठेवू नका. मग वर्गणीऐवजी ती न वटल्याचा दंड लागतो आणि त्यावर जीएसटी.

स्टेटमेंट काढाल तर तीनच महिन्यांचं काढा. वर्षातून एकदाच कापली जाणारी रक्कम त्यात सहसा सापडत नाही, म्हणजे वाचायचा त्रासही नाही. माझं चुकलं. पाचव्या महिन्यात कंटाळून वर्षभराचं काढलं. मे महिन्याच्या अखेरीस PMSBY, वीस रुपये. मी पेन्सिलने त्यापुढे 'हेही बंद' लिहिलं.

बायकोने ती ओळ पाहिली. "अहो, हा अपघात विमा आहे. वीस रुपयांत दोन लाखांचा."

बाबा सदुसष्टाव्या वर्षी, नोव्हेंबरात, स्कूटरला टेम्पोने धडक दिल्यामुळे गेले होते. ही योजना सत्तरीपर्यंत चालते आणि हप्ता पुढच्या ३१ मेपर्यंतचा भरलेला होता. नैसर्गिक मृत्यू असता तर त्या ओळीची किंमत वीस रुपयेच राहिली असती.

शाखेतल्या बाईंनी मृत्यूचा दाखला, एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागितला. सगळं घरात होतं, गादीखालच्या पिशवीत. मग त्या म्हणाल्या, "तीस दिवसांत कळवायचं असतं. उशीर का झाला, तेवढा अर्ज जोडा."

अर्ज लिहायला बसलो. कारण एकच होतं: मी पाच महिने बाबांच्या खात्यातली गळती शोधत होतो. तसंच लिहिलं. बाईंनी वाचलं, खोडलं आणि वर लिहिलं, 'कौटुंबिक अडचण'.