कुंडईच्या पॅकिंग युनिटमधली रात्रपाळी: एका रिव्ह्यूला उत्तर

"एक स्टार. रात्रपाळीला नको म्हटलं की भत्ता बंद. दर तीन महिन्यांनी पुन्हा सही मागतात. रात्री 11 ला पाळी सुटल्यावर तिस्कावर सोडा, भाऊ न्यायला येतो, असं सांगितलं तरी ड्रायव्हर ऐकत नाही. इतरांच्या वाड्यांतून फिरवून मग दारात नेतो. वर गाडीला जीपीएस. आम्ही काय लहान पोरी?"

नमस्कार ताई,

आधी सहीबद्दल. 1948 च्या कारखाने कायद्यात बाईला संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवायला मनाईच होती. राज्य सरकारला ती वेळ थोडी सैल करता यायची, पण रात्री 10 ते पहाटे 5 ला हात लावता येत नव्हता. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 43 प्रमाणे त्या वेळेत बाई काम करू शकते, पण तिची संमती हवी आणि सरकारने घातलेल्या सुरक्षेच्या अटी मालकाने पाळायला हव्यात. मालकाला पाळी लावायचा अधिकार आहेच, पण या वेळेपुरता तो तुमच्या होकारावर अडतो.

नोकरीला लागताना घेतलेल्या सहीला मी फार किंमत देत नाही. कामाची गरज असलेली मुलगी त्या दिवशी समोर ठेवाल त्या कागदावर सही करते. म्हणून आमचं संमतीपत्र नेमणूकपत्रापासून वेगळं आहे आणि तीन महिन्यांनी ते आपोआप संपतं. नकार देणारीला त्यात फक्त खूण करायची असते. कारण लिहायला रकानाच ठेवलेला नाही. एकदा कारण विचारलं की सुपरवायझर ते बरं की वाईट हे ठरवायला बसतो. घरी सासू आजारी आहे, दिवस गेलेत, की नुसता कंटाळा आलाय, हे त्याला कळायची गरज नाही. मधेच मन बदललं तरी त्याच आठवड्यापासून दिवसपाळी मिळते.

भत्त्याचं दुखणं मला समजतं. घरखर्च त्यावर बसवला की तो गेल्यावर टोचणारच. पण तो जागरणाचा मोबदला आहे आणि ज्या रात्री काम झालं त्याच रात्रीचा मिळतो, पुरुषांनाही तसाच. नकार देणारीचा मूळ पगार, वार्षिक वाढ किंवा कायम होण्याचा नंबर यांना धक्का लागला असता, तर तो दबाव ठरला असता आणि मिळालेली संमती खोटी. त्या तिन्ही गोष्टींना आम्ही हात लावत नाही. भत्ता आणखी वाढवा असंही काहीजणी म्हणतात. तो इतका वाढवला की नाही म्हणणं परवडेनासं होईल, तर कागदावरच्या होकाराला अर्थ राहणार नाही.

आता गाडी. तुमच्या फेरीत पाचजणी असतात. फोंडा, खांडेपार, मग उसगाव तिस्क असं सरळ जायचं तर आधी रस्त्याकाठच्या चौघी उतरतील आणि आतल्या वाड्यावरची एकटी शेवटी उरेल. म्हणून तिला आधी पोचवतो आणि मग गाडी मागे फिरते. तुम्ही म्हणता ते फिरवणं हेच. शेवटी जी उरते तिच्याबरोबर महिला गार्ड असते. दार उघडून बाई आत गेली की गार्ड ट्रिपशीटवर वेळ आणि किलोमीटर लिहिते, आणि मगच गाडी हलते. पावसाळ्यात वीज गेलेली असली तर हेडलाइट दाराकडे धरून थांबायचं, हेही ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.

तिस्कावर उतरायला आमची हरकत नाही. फक्त ते आयत्या वेळी ड्रायव्हरला सांगून ठरत नाही. तुम्ही मनाने उतरताय की फोनवरून कोणी उतरायला भाग पाडतंय, हे स्टिअरिंगवर बसलेल्याला कसं कळणार? त्याच दिवशी दुपारी 4 पर्यंत ऑफिसात ठिकाण आणि न्यायला येणाऱ्याचं नाव लिहून द्या. भाऊ दिसला की गार्ड सोडेल, नाही दिसला तर गाडी घरापर्यंत येईल.

जीपीएस गाडीला आहे, तुमच्या मोबाइलला नाही. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मालकाने कामासाठी दिलेलं वाहनही कामाची जागा धरलंय. उद्या ड्रायव्हरविरुद्ध तक्रार आली तर गाडी कुठे, किती वेळ थांबली हे अंतर्गत समितीपुढे ठेवायला नोंद लागते. ती नोंद एरवी सुपरवायझरला दिसत नाही. तुमच्याच फेरीची बघायची असेल तर मागून घ्या.

पुढच्या तिमाहीचे फॉर्म टाइम ऑफिसच्या खिडकीत आहेत, मराठीत आणि कोंकणीतही. सहीसाठी कोणी गळ घालत असेल तर समितीच्या अध्यक्षबाईंना सांगा. आमच्यावर भरवसा नसेल तर पणजीला आल्तिनोवर कारखाने व बॉयलर निरीक्षणालय आहे, तिथे थेट अर्ज करा.