टोटल जुळतंय ना मॅडम, मग झालं!

"टोटल जुळतंय ना मॅडम? मग ओके टाका, फाईल करतो."

हे वाक्य पुन्हा कुणी मला ऐकवलं तर मी त्याचा फोन गोदावरीत फेकून देईन. काल रात्री पुन्हा तेच. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या पॅकहाऊसवर कंटेनर भरून उभा, जेनसेट घरघरतोय, ड्रायव्हर कसारा घाट रात्रीच उतरायचा म्हणून खाली येरझाऱ्या घालतोय. शिपिंग बिल म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद, त्याचा नंबर आल्याशिवाय कंटेनरच्या ई-सीलची माहिती भरता येत नाही आणि ती भरल्याशिवाय गाडी हलत नाही. अशा वेळी कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाच्या ऑफिसमधून चेकलिस्ट येते, म्हणजे त्या बिलाचा कच्चा मसुदा. पीडीएफ नाही, स्क्रीनचा तिरका काढलेला फोटो. खाली मेसेज: 'अर्जंट ओके प्लीज', आणि शेजारी हिरवी बरोबरची खूण. मी अजून फोटो उघडलेला नाही, तोवर खूण यानंच टाकलेली!

माल काय होता ते ऐका. रॉटरडॅमला ताजी द्राक्षं. २,६४० पेट्या, प्रत्येक पेटीत अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे पेटीला पाच किलो. निव्वळ वजन १३,२०० किलो. भाव पेटीला ११ युरो, सीआयएफ, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा धरून. एकूण २९,०४० युरो. इतकं साधं इन्व्हॉईस, त्यात गोंधळ घालायला जागा कुठे आहे?

यांनी काढली. चेकलिस्टमध्ये संख्या २,६४०, दर ११, रक्कम २९,०४०. आणि युनिटच्या रकान्यात KGS.

म्हणजे आम्ही दोन हजार सहाशे चाळीस किलो द्राक्षं ११ युरो किलोनं पाठवतोय! असा भाव दिंडोरीत कुणाला मिळाला असता तर आम्ही सगळे आज बंगल्यात असतो. आणि त्याच पानावर चार ओळी वर एकूण वजन लिहिलंय १५,१८४ किलो. निव्वळ अडीच टनाच्या वर थोडं, एकूण पंधरा टन. मधले साडेबारा टन काय पुठ्ठ्याचे आहेत का? हा प्रश्न भरणाऱ्याला पडला नाही, तपासणाऱ्याला पडला नाही, कारण बेरीज जुळत होती.

बेरीज जुळणारच! हेच तर डोक्यात घुसत नाही कुणाच्या. पेट्या गुणिले पेटीचा भाव आणि किलो गुणिले किलोचा भाव, दोन्हींचं उत्तर एकच येतं. संख्या आणि दर दोन्ही पेटीचे उचलले आणि युनिट तेवढं किलोचं ठेवलं, तर रक्कम पैशापर्यंत बरोबर येते आणि शिपिंग बिल ठार चुकीचं असतं. टोटल ही तपासणीच नाही. ज्या चुकीत टोटल हलतच नाही ती टोटल बघून कशी सापडणार? द्राक्षांचं टॅरिफमधलं युनिट किलो आहे, त्यामुळे त्या रकान्यात KGS आपोआप येऊन बसतं. मग संख्याही किलोतच हवी, १३,२००, आणि दर २.२० युरो. पेट्यांचा आकडा पॅकेजेसच्या रकान्यात जातो. त्याला त्याची वेगळी जागा आहे.

मी फोन केला. तिकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, सिस्टिमनं एरर दिला नाही." कसा देईल? सिस्टिमला काय माहीत पेटीत किती किलो आहेत ते? रकान्यात आकडा आहे, युनिट यादीतलं आहे, गुणाकार बरोबर आहे. तिचं काम संपलं. पेटी उघडून बघणारा माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणून तुम्ही पैसे घेता.

हे असंच फाईल झालं असतं तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर १३,२०० किलो, पॅकिंग लिस्टवर १३,२०० किलो आणि शिपिंग बिलावर २,६४०. न्हावा शेवाला अधिकाऱ्यानं तीन कागद शेजारी ठेवले की क्वेरी. क्वेरी म्हणजे लेट एक्सपोर्ट ऑर्डर, कस्टम्सची माल सोडायची परवानगी, अडकली, म्हणजे जहाजाचा कट-ऑफ गेला, म्हणजे थंड कंटेनर बंदरात प्लगवर आणि भाडं चालू. द्राक्षं म्हणजे लोखंडाचे नट-बोल्ट नव्हेत, पुढच्या जहाजापर्यंत त्यांचे देठ हिरवे राहतीलच असं नाही. आणि समजा कुणाच्याच लक्षात आलं नाही आणि जहाज सुटलं, तर आणखी वाईट. माल गेल्यानंतरची दुरुस्ती कस्टम्स ॲक्टच्या कलम १४९ खाली, आणि तीही निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्या पुराव्यावरच. मग अर्ज, खुलासे, हेलपाटे. ते कोण मारणार? कलम ५० प्रमाणे माहिती खरी असल्याची जबाबदारी निर्यातदाराची. एजंट म्हणणार, "मॅडम, तुमचा ओके आला होता." माझा तो ओके यांना रात्री साडेअकराला हवा असतो तो यासाठीच!

किलोचं निस्तरलं. नवा फोटो आला. आता मालाचा टॅरिफ कोड बघितला तर 08061010.

आठ आकडे आहेत, सुरुवातीचा शून्य आहे, सगळं कसं नीटनेटकं. फक्त तो भारताचा कोड नाही! आपल्याकडे ताजी द्राक्षं म्हणजे 08061000. 08061010 हा युरोपियन युनियनचा खायच्या द्राक्षांचा कोड, खरेदीदाराच्या पर्चेस ऑर्डरवर छापलेला. यांनी तो तिथून उचलला. पहिले सहा आकडे, 080610, जगभर सारखे असतात. पुढचे दोन प्रत्येक देशाचे आपापले. हे काम करणाऱ्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळायला हवं. खरेदीदाराचा कोड तिकडच्या आयातीसाठी, आपला कोड इकडच्या शिपिंग बिलासाठी. कॉपी करायचाच असेल तर आपल्या टॅरिफमधून करा ना!

आणि कोडचा विषय निघालाच आहे तर त्या एक्सेलवाल्यांनाही ऐकवते. गेल्या सीझनला एकानं आमच्या सगळ्या मालाची यादी एक्सेलमध्ये केली आणि द्राक्षं, बेदाणे, कांदा या सगळ्यांचे पुढचे शून्य खाऊन टाकले. 08061000 चा झाला 8061000. सात आकडे. बरं, सात आकडे दिसले की माणूस थांबेल, विचारेल. याच्या जागी कुणीतरी शहाणपणा करून शेवटी शून्य लावला, 80610000, आणि म्हणाला, "झाले की आठ." झाले! फक्त ८० वं प्रकरण कथिलाचं आहे, आणि त्यात ८०६१ असं शीर्षकच नाही. शून्य गेला तो पुढचा, तर लावायचा कुठे? कॉलम आधी टेक्स्ट करा आणि मग टाईप करा, एवढंच सांगणं आहे. आणि शून्य खाल्लेली जुनी यादीच हातात आली असेल तर हे:

```
=TEXT(A2,"00000000")
```

यानं शून्य पुढे लागतो, मागे नाही. पण हे फक्त आकड्यांची लांबी दुरुस्त करतं. आत 8061010 असेल तर यातून 08061010 च निघेल, आणि तो कोड चूक आहे हे एक्सेलला कधीच कळणार नाही. कोड टॅरिफमध्ये आहे का आणि त्यासमोर आपलाच माल लिहिलाय का, हे डोळ्यांनी वाचावंच लागतं. त्याला पर्याय नाही, कितीही रात्र झाली तरी.

तोवर आप्पांचा फोन. "अगं, गाडी सोडू का?" आप्पा, थांबा. तुमचाच माल आहे.

कारण एफओबी अजून बाकी होता. इन्व्हॉईस सीआयएफ आहे, म्हणजे २९,०४० मध्ये जहाजाचं भाडं आणि विमा धरलेला आहे. भाडं ४,००० युरो, विमा ४०, दोन्ही इन्व्हॉईसवर वेगळे लिहिलेले. उरले २५,०००, तो एफओबी. चेकलिस्टमध्ये भाडं शून्य, विमा शून्य, एफओबी २९,०४०. का? तर मागचं कन्साईनमेंट एफओबीवर गेलं होतं आणि यांनी मागचं बिल उघडून त्यावरच आकडे बदलले. हा माझा सगळ्यात जुना राग आहे. मागचं बिल उघडू नका! त्यात मागच्या अटी असतात, मागचा सील नंबर असतो, आणि एकदा तर मागच्याच खरेदीदाराचं नाव तसंच राहिलं होतं. निर्यातीवरचे फायदे एफओबीवर मोजले जातात. तो फुगवून लिहिला तर उद्या जास्तीचं घेतलेलं व्याजासकट परत करा म्हणून नोटीस येते, आणि नोटिशीवर नाव आमचं असतं.

खरं सांगते, हे सगळं पकडायला काही फार विद्या लागत नाही. एफओबीला निव्वळ किलोनं भागा: २५,००० भागिले १३,२००, किलोला १ युरो ८९ सेंट. हा भाव द्राक्षाला शोभतो का? शोभतो. निव्वळ वजनाला पेट्यांनी भागा: पाच यायला हवेत, पाच आले. एकूण वजनातून निव्वळ वजा करून पेट्यांनी भागा: पाऊण किलो. पुठ्ठा, पनेट आणि पॅलेटचा वाटा धरून बरोबर. काल पहिल्या चेकलिस्टवर हाच शेवटचा भागाकार केला तर पेटीमागे पावणेपाच किलोचं पॅकिंग येत होतं! तीन भागाकार. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर चहा येईपर्यंत होतात. पण नाही, यांना गुणाकार एकच माहीत आणि तो जुळला की हिरवी खूण.

त्यात माझंच चुकतंय असा सूर. "मॅडम, तुम्ही फार बारीक बघता." मग काय जाड बघू? आप्पांच्या बागेत ऑक्टोबरपासून माणसं छाटणी, विरळणी, डिपिंग करत उभी असतात, एकेका घडातले मणी मोजून काढतात. रेसिड्यू टेस्टचा एक आकडा वर गेला तर अख्खा प्लॉट निर्यातीतून बाद. तिथे कुणी म्हणत नाही की फार बारीक बघता. आणि तो माल ज्या कागदावर देशाबाहेर जाणार तो कागद तिरक्या फोटोवरून अंगठ्यानं पास करायचा?

आज सकाळी मी एजंटाच्या मालकांना फोन करून सांगितलं. चेकलिस्ट पीडीएफमध्येच हवी. गाडी भरायला लागेल त्याआधी हवी, भरून झाल्यावर नाही. इन्व्हॉईस आणि पॅकिंग लिस्ट आम्ही आदल्या दिवशी दुपारीच देतो, त्यामुळे वेळ नाही हे कारण चालणार नाही. प्रत्येक बिल कोरं उघडायचं. सीआयएफ असेल तर भाडं आणि विमा त्यांच्या रकान्यात दिसले पाहिजेत, आणि संख्येसमोरचं युनिट वाचून मगच माझ्याकडे पाठवायचं. ते म्हणाले, "हो मॅडम, मुलांना सांगतो." हे त्यांनी मागच्या सीझनलाही सांगितलं होतं. म्हणून या वेळी लेखी मेल टाकलाय आणि आप्पांना कॉपीत ठेवलंय. पुढचा कंटेनर शुक्रवारी भरायचाय. त्याची चेकलिस्ट गुरुवारी संध्याकाळपर्यंत आली नाही तर मी दुसरा एजंट बघणार, सीझन मध्यावर असला तरी.