चिमीचे चोवीस लाख, प्लस मायनस कोण काय म्हणेल ते

आमच्या घरात मुलगी एक, तिचं सुकन्या समृद्धीचं खातं एक, आणि ते मॅच्युअर झाल्यावर किती येणार याचे आकडे चार. आईच्या मते २७ लाख ६१ हजार, कारण तिच्या फाईलमध्ये खातं उघडतानाचा एक झेरॉक्स चार्ट आहे आणि झेरॉक्सवर छापलेलं खोटं नसतं. मेहुण्याच्या मते २७ लाख ९३ हजार, कारण त्याने स्वतः मोबाईलवर काढलंय. बायकोने एका कॅल्क्युलेटरवर टाकलं तर २३ लाख ९४ हजार आले, दुसऱ्यावर टाकलं तर २२ लाख १३ हजार. सगळ्यांनी टाकलेली माहिती एकच, वर्षाला ५० हजार. मग रविवारी दुपारी जेवण झाल्यावर, जेव्हा माणसाने झोपायचं असतं, तेव्हा हिने पासबुक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, अहो, तुम्ही एकदाचं नीट काढा बघू.

तर नीट काढायचं म्हणजे आधी बाकीच्यांचं कुठे फसलंय ते बघणं आलं. मेहुण्याचं पटकन सापडलं. "दाजी, एकवीस वर्षांची स्कीम आहे ना, मग एकवीस वर्षं भरायचे." अरे बाबा, भरायचे पंधराच वर्षं, पुढची सहा वर्षं खातं नुसतं बसून व्याज खातं. आणि ते एकवीस मुलीच्या वयाचं पण नाही, खात्याच्या वयाचं. चिमीचं खातं एप्रिल २०१६ मध्ये उघडलं, ती तेव्हा तीन वर्षांची होती, म्हणजे खातं २०३७ च्या एप्रिलमध्ये एकवीसचं होणार आणि ती चोवीसची. हे ऐकून आईचा चेहरा पडला कारण तिने मनातल्या मनात लग्नाची तारीख २०३४ धरली होती. लग्नासाठी आधी बंद करता येतं म्हटलं, मुलगी अठराची झाली की, पण मग मॅच्युरिटीचा आकडा विसरा.

आईच्या चार्टचा घोळ वेगळा. तो ९.२ टक्क्यांनी केलेला. हा दर खरा होता, पण २०१५-१६ चा. आपण एप्रिल २०१६ मध्ये गेलो तेव्हा तो ८.६ झाला होता आणि ऑक्टोबरात ८.५. आईचं म्हणणं, "मग निदान ८.६ तरी शेवटपर्यंत देतील ना, आपण त्या दराने उघडलंय." इथे बहुतेकांची गल्लत होते आणि त्यांचा दोष नाही, कारण एफडी आणि एनएससीने आपल्याला तशीच सवय लावली आहे, ज्या दिवशी ठेवले त्या दिवशीचा दर शेवटपर्यंत. सुकन्याचं तसं नाही. एप्रिल २०१६ पासून सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं आणि जो दर येईल तो आत्तापर्यंत साठलेल्या सगळ्या रकमेला लागतो, जुन्या पैशाला पण आणि नव्या पैशाला पण. वाढला तर सगळ्यावर वाढला, कमी झाला तर सगळ्यावर कमी.

आता दोन कॅल्क्युलेटरची भांडणं. एक म्हणतो २३.९४, दुसरा २२.१३, दोघांनी दर ८.२ च धरलाय आणि वर्षं पण बरोबर धरली आहेत. फरक १ लाख ८१ हजारांचा. हे गेले कुठे? तर पहिल्याने धरलं की पैसे वर्षाच्या सुरुवातीला भरले, दुसऱ्याने धरलं की वर्षाच्या शेवटी. एक्सेलमध्ये हे असं दिसतं, शेवटचा तो १ काढून ० टाकला की पावणेदोन लाखांच्या वर गायब:

```
=FV(8.2%,15,-50000,0,1)*1.082^6
=FV(8.2%,15,-50000,0,0)*1.082^6
```

आणि हा नुसता कागदावरचा फरक नाही. या खात्यात व्याज दर महिन्याला मोजतात, ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर, आणि सगळं मिळून ३१ मार्चला जमा करतात. म्हणजे ४ एप्रिलला ५० हजार जमा झाले तर पूर्ण वर्षाचं व्याज, ६ एप्रिलला झाले तर एक महिना बुडाला, आणि २८ मार्चला टॅक्सची आठवण झाल्यावर धावत जाऊन भरले तर त्या वर्षाचं व्याज शून्य, फक्त पावती. मेहुणा हे ऐकून गप्प झाला कारण त्याच्या ऑफिसात इन्व्हेस्टमेंट प्रूफ मागितल्याशिवाय त्याला मुलगी आहे हे आठवत नाही.

आता आमचं खरं पासबुक. आम्ही दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या चार दिवसांतच भरत आलोय, याचं श्रेय हिचं, माझा त्यात फक्त सहीपुरता सहभाग. प्रत्येक वर्षाला एक ओळ केली: मागची शिल्लक, अधिक ५० हजार, त्याला त्या वर्षाचा दर. अडचण एवढीच की दर वर्षात मधेच बदलतो. पण व्याज खात्यावर चढतं ते मार्चअखेरीलाच, मधे चक्रवाढ होत नाही, त्यामुळे पैसे एप्रिलमध्येच भरले असतील तर चारही तिमाहींची सरळ सरासरी काढली की काम होतं. २०१६-१७ ला सहा महिने ८.६ आणि सहा महिने ८.५, सरासरी ८.५५, म्हणून पन्नासाचे ५४,२७५. पुढच्या वर्षी ८.४, मग दोन तिमाही ८.३, मग ८.१, सरासरी ८.२७५, आणि शिल्लक १ लाख १२ हजार ९०४.

असं करत करत २०२० ला आलो. एप्रिल २०२० ला दर ८.४ वरून थेट ७.६, आणि तिथेच तीन वर्षं. मधे ३१ मार्च २०२१ ला रात्री तो ६.९ केल्याचं जाहीर झालं होतं आणि १ एप्रिलला सकाळी अर्थमंत्र्यांनी सांगितलं की तो आदेश अनवधानाने निघाला होता, मागे घेतोय. एका रात्रीपुरते आम्ही गरीब झालो होतो आणि झोपेत असल्यामुळे कळलं पण नाही. मग २०२३ ला ८, आणि जानेवारी २०२४ पासून ८.२. एवढं सगळं भरून ३१ मार्च २०२५ चा आकडा आला ६ लाख ७३ हजार ५०६, भरलेले साडेचार लाख. पासबुकाशी ताळा केला, बरोबर.

इथपर्यंत इतिहास होता, तो जमला. पुढे भविष्य आणि भविष्याला तिमाही दर अजून जाहीर झालेला नाही. मी पुढच्या बारा वर्षांना सरसकट ८.२ टाकला. उरलेले सहा हप्ते धरून एप्रिल २०३७ ला २३ लाख ७४ हजार. मी दोनदा बघितलं. म्हणजे तो पहिला कॅल्क्युलेटर, ज्याला आमच्या ७.६ वाल्या तीन वर्षांची गंधवार्ता नाही, ज्याने पहिल्या दिवसापासून आंधळेपणाने ८.२ लावला, तो माझ्यापेक्षा फक्त वीस हजारांनी चुकला होता! आख्खी दुपार घालवून मी वीस हजार शोधून काढले आणि ते पण मायनसमधले.

हिने विचारलं, "मग त्या तीन वर्षांत आपलं काहीच नुकसान झालं नाही?" झालं ना, पण तेव्हा खात्यात होतेच किती. २०२०-२१ ला साधारण २ लाख ९५ हजारांवर ८.२ च्या मानाने ०.६ टक्के कमी मिळाले, म्हणजे १,८०० च्या आत. हाच ०.६ चा फटका शेवटच्या वर्षी, २०३६-३७ ला बसला तर तेव्हा खात्यात २१ लाख ९४ हजार असतील, त्यावर १३ हजार जातील. एकाच वर्षात! हप्ते संपतात तेव्हा, मार्च २०३१ ला, खात्यात १४ लाख ८० हजार, आणि तिथून पुढे एक रुपया न भरता सहा वर्षांत ८ लाख ९४ हजार नुसत्या व्याजाचे. आम्ही पंधरा वर्षांत भरणार साडेसात लाख. थोडक्यात खरा खेळ शेवटच्या वर्षांचा आणि नेमकी तीच वर्षं आपल्याला माहीत नसतात.

म्हणून मी एक आकडा द्यायला नकार दिला. पुढे सगळी वर्षं ७.६ राहिला तर २२ लाख २९ हजार, ७ टक्क्यांवर आला तर २० लाख ९१ हजार. म्हटलं, एकवीस ते चोवीसच्या मधे समजा. घरात हे कुणालाच आवडलं नाही. आई म्हणाली, "एवढं शिकून अंदाजच सांगतोस होय?" तिच्या झेरॉक्सला मी काय तोंड देणार.

एवढ्यात चिमी आली आणि तिने असा प्रश्न विचारला की सगळेच आकडे हलले. "पप्पा, कॉलेजला त्यातले घेता येतात ना?" येतात. दहावी पास झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर, शिक्षणासाठी, मागच्या ३१ मार्चच्या शिल्लकेच्या निम्म्यापर्यंत. म्हणजे २०३१ ला ८.२ च्या हिशोबाने ७ लाख ४० हजार काढले तर उरलेले ७ लाख ४० हजार २०३७ पर्यंत होतील ११ लाख ८७ हजार. आईने विचारलं बाकीचे बारा लाख कुठे गेले. मी म्हटलं कॉलेजात.

मग ती शीट मी फॅमिली ग्रुपवर टाकली. पुढच्या वर्षांचा दर वेगळ्या पिवळ्या कॉलममध्ये ठेवला आणि खाली लिहिलं की हा दर माझा अंदाज आहे, ज्याला जो वाटेल तो टाकून बघा. पाच मिनिटांत मेहुण्याचा मेसेज. "दाजी, मी आईंच्या चार्टमधला ९.२ टाकला, तुमच्याच शीटमध्ये २६ लाख ३७ हजार येतायत की! उगाच घाबरवता लोकांना." खाली आईचा अंगठा.