डायलिसिसवर ‘सहाच्या आत’ आलेली शुगर

"डायलिसिस चालू झालं की शुगर आपोआप जाते. एचबीएवनसी सहाच्या आत आलं की इन्सुलिन बंद करा, पथ्य सोडा. घरातलं मशीन कुठलंही चालतंय, सगळी सारखीच."

कोल्हापुरात लॅबमध्ये काम करताना हा मेसेज मला पेशंटच्याच फोनवर तीनदा बघायला मिळाला. तिसऱ्या वेळी तो कागलकडच्या एका मामांनी दाखवला. त्यांचा रिपोर्ट 5.9 आला होता आणि इन्सुलिन बंद करून दोन महिने झाले होते.

आधी त्या 5.9 बद्दल. एचबीएवनसी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचं मोजमाप. निरोगी माणसाची लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. किडनी गेली की पेशी लवकर मरतात. डायलिसिसच्या नळ्यांत दरवेळी थोडं रक्त राहून जातं. त्यात हिमोग्लोबिन वाढवायला एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन दिलं की भराभर नव्या पेशी येतात, आणि या कोवळ्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. आकडा खाली येतो, पण साखर आहे तिथेच असते. मध्ये रक्त चढवलं असेल तर दात्याचं हिमोग्लोबिनही त्यात मिसळतं.

मामांना हे एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आठवड्याला चालू होतं. 5.9 म्हणजे सरासरी साखर 123 च्या आसपास असायला हवी. मी त्यांना वहीत लिहायला सांगितलं: सकाळी उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना. दोन आठवड्यांनी वही आली. सकाळचे आकडे दीडशेच्या पुढे, दुपारचे सव्वादोनशेपर्यंत, सरासरी 180. या सरासरीला एचबीएवनसी 7.9 च्या जवळ यायला पाहिजे होतं.

पण वहीतले आकडे तरी तसेच्या तसे खरे धरायचे का? इथे मशीनचा मुद्दा येतो. मामांचं हिमोग्लोबिन 8.2, म्हणजे रक्तात पेशींचा वाटा जेमतेम पाव. पेशी कमी असल्या की बरीच ग्लुकोमीटर साखर वाढवून दाखवतात. कुठल्या प्रमाणापर्यंत मशीन भरवशाचं आहे ते स्ट्रिपच्या डबीतल्या कागदावर हिमॅटोक्रिट या शब्दापुढे छापलेलं असतं. मामांच्या मशीनला ते किमान 30 टक्के लागत होतं. म्हणून एका सकाळी उपाशीपोटी त्यांच्या बोटाचं आणि शिरेतलं रक्त एकदमच घेतलं. मशीन म्हणालं 168, लॅबमध्ये आलं 150. (शिरेतलं रक्त फ्लोराइडच्या राखाडी टोपणाच्या नळीत घ्यावं लागतं, साध्या नळीत ठेवून दिलं तर पेशी साखर खात बसतात आणि आकडा उतरतो.) एचबीएवनसी आकडा खाली ओढत होतं, मशीन वर. तरी 150 म्हणजे मधुमेह गेला असं काही होत नाही.

मशीनची याहून घातक चूक पोटातल्या डायलिसिसवाल्यांकडे होते. जास्त तास पोटात ठेवायच्या द्रावणाच्या पिशवीत आयकोडेक्स्ट्रिन असेल तर शरीरात त्याची माल्टोज ही वेगळी साखर होते, आणि जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या स्ट्रिप्सना माल्टोज आणि ग्लुकोज यांतला फरक कळत नाही. खरी साखर 60 असताना मशीन 200 च्या वर दाखवू शकतं, आणि घरचे घाबरून इन्सुलिन देतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2009 मध्ये याबद्दल इशारा दिला तेव्हा अशा चुकीच्या रीडिंगशी जोडलेले 13 मृत्यू त्यांच्याकडे नोंदलेले होते. पिशवी बंद केल्यावरही माल्टोज साधारण दोन आठवडे रक्तात राहतं. तेव्हा पिशवीचं नाव डॉक्टरांना विचारा आणि स्ट्रिपच्या कागदावर माल्टोज शोधा. घाम फुटलाय, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय आणि मशीन मात्र 200 दाखवतंय, तर मशीनवर विसंबून इन्सुलिन देऊ नका. शुद्धीवर असतील तर लगेच ग्लुकोज पावडर द्या, नसतील तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठा, आणि तिथे साखर लॅबमधून तपासायला सांगा.

राहिलं "आपोआप जाते". यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच लोक फसतात. टोचलेलं इन्सुलिन मोडून टाकण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती थकली की तेच इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं. भूकही मेलेली असते. त्यामुळे इन्सुलिन खरंच कमी लागतं, काहींना लागतही नाही. पण कमी लागणारे कोण आणि अजिबात न लागणारे कोण, हे 5.9 वरून ठरत नाही.

मामांच्या डॉक्टरांनी वही आणि लॅबचा आकडा शेजारी ठेवून इन्सुलिन पुन्हा चालू केलं, पूर्वीच्या निम्म्या डोसने. पहिला आठवडा रात्री तीनचंही एक रीडिंग घ्यायला लावलं. मामी गजर लावून उठायच्या आणि मामांना अर्धवट झोपेतच बोट पुढे करायला लावायच्या.