रात्रपाळीचे तास: ‘१२ मिळवा, अर्धा तास कापा’ हा हिशेब कुठे चुकतो

«टाइमशीटवरून पगाराचे तास काढायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. जायच्या वेळेतून यायची वेळ वजा करा. रात्रपाळी असेल तर १२ मिळवा. जेवणाच्या सुट्टीचे सगळ्यांचे सरसकट ०.३० कापा. रात्री बारानंतरचे तास दुसऱ्या तारखेला टाका. आठवड्याची बेरीज करून दराने गुणा, झाला पगार.»

हा मेसेज इतका फिरतो, कारण नेमक्या ठरलेल्या पाळीवर तो बरोबर उत्तर देतो. रात्री १० ते सकाळी ६.३० घ्या. ६.३० वजा १०.०० म्हणजे उणे ३.७०, त्यात १२ मिळवले की ८.३०, त्यातून ०.३० गेले की ८.००. खरे पगारी तासही आठच. तपासणारा हाच आकडा तपासतो आणि निश्चिंत होतो. पण घड्याळाच्या ठोक्याला येणारी-जाणारी माणसं कमी असतात. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली की हिशेब बिघडतो, आणि तोही कधी कामगाराच्या विरुद्ध, कधी मालकाच्या.

सर्वात मोठा दोष त्या बिंदूत आहे. ६.१५ म्हणजे सहा वाजून पंधरा मिनिटं असं आपण वाचतो, पण कॅल्क्युलेटर त्याला सहा पूर्णांक पंधरा शतांश समजतो. वजाबाकीत हातचा घ्यावा लागला की तो ६० मिनिटांचा हवा, कॅल्क्युलेटर १०० चा घेतो.

एक कामगार रात्री ९.४० ला आला, सकाळी ६.१५ ला गेला आणि त्याने अर्धा तास सुट्टी घेतली असं धरू. मेसेजप्रमाणे ६.१५ वजा ९.४०, अधिक १२, वजा ०.३०, म्हणजे ८.४५. आता मिनिटांत मोजू. दिवसाच्या सुरुवातीपासून ९.४० रात्र म्हणजे १३०० वं मिनिट. सकाळी ६.१५ म्हणजे ३७५ वं, पण ते दुसऱ्या दिवसाचं, म्हणून त्यात १४४० मिळवून १८१५. फरक ५१५ मिनिटं, सुट्टीची ३० गेली की ४८५ मिनिटं, म्हणजे ८ तास ५ मिनिटं. तासाला १०० रुपये दर असेल तर मेसेजचा हिशेब ८४५ रुपये देतो, खरी रक्कम ८०८ रुपये ३३ पैसे. एका रात्रीत जवळजवळ ३७ रुपये जास्त.

दुसरा कामगार बरोबर १० ला आला आणि ६.४५ ला गेला. मेसेजप्रमाणे त्याचे ८.१५ तास होतात. इथे मिनिटांचा आकडा बरोबर आहे, ८ तास १५ मिनिटंच. पण दराने गुणताना ८.१५ घेतले की ८१५ रुपये येतात, आणि १५ मिनिटं म्हणजे पाव तास, म्हणून खरे तास ८.२५ आणि रक्कम ८२५. याचे दहा रुपये गेले. तेव्हा पैशाशी गुणण्याआधी मिनिटांना ६० ने भागून दशांश करणं टाळता येत नाही. ‘इकडचं तिकडे भरून निघतं’ असं कोणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका. जास्त मिळालेले एकाला आणि कमी मिळालेले दुसऱ्याला असतात.

१२ मिळवण्याचा नियम बारा तासांच्या घड्याळासाठी आहे, आणि तिथेही तो सगळीकडे चालत नाही. हजेरीचं मशीन बहुतेक वेळा चोवीस तासांच्या पद्धतीने वेळ देतं. तिथे ९.४० रात्र ही २१:४० असते. ६.१५ मधून २१.४० वजा केले आणि १२ मिळवले की उणे ३.२५ उरतात. मग कोणीतरी उणे चिन्ह पुसून सव्वातीन तास लिहितं. बारा तासांच्या घड्याळावर दुसरी पाळी पाहा. दुपारी ४ ला सुरू, रात्री १२.३० ला संपली, पाळीने मध्यरात्र ओलांडली म्हणून १२ मिळवले. १२.३० वजा ४ अधिक १२ म्हणजे २०.३०. प्रत्यक्षात माणूस साडेआठ तास होता. नियम एकच ठेवा: वेळा चोवीस तासांच्या पद्धतीने लिहा, आणि जायची वेळ यायच्या वेळेपेक्षा लहान असेल तरच जायच्या वेळेत २४ तास मिळवा.

सुट्टीचा मुद्दा नुसत्या गणिताचा नाही. बिनपगारी सुट्टी ती, जिच्यात माणूस कामातून खरोखर मोकळा असतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५५ प्रमाणे सलग पाच तासांपेक्षा जास्त काम होण्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागे. ती दिली नाही, मशीन चालू होतं, बदली माणूस आला नाही आणि कामगाराने तिथेच उभ्या उभ्या डबा खाल्ला, तर ती वेळ कामाचीच आहे. सरसकट कापणीत नेमकी हीच रात्र दिसेनाशी होते. सुट्टीची सुरुवात आणि शेवट हे दोन वेगळे रकाने ठेवले की ती दिसते. पंच घ्यायची सोय नसेल तर सुपरवायझरने रोजच्या रोज वेळ लिहावी, आणि सुट्टी मिळाली नसेल तर दोन्ही रकाने रिकामे सोडावेत. चहाची दहा मिनिटं पगारी धरायची असं तुमच्याकडे ठरलं असेल तर ती या रकान्यांत लिहूच नका.

सुट्टीही मध्यरात्र ओलांडते, हे विसरलं जातं. २३:५० ते ००:२० ही सुट्टी अर्ध्या तासाचीच, पण साध्या वजाबाकीत ती उणे साडेतेवीस तास होते आणि एकूण तासांतून ‘वजा’ करताना उलट वाढते. पाळीला लावलेला २४ तासांचा नियम सुट्टीलाही लावायचा.

आता बारानंतरचे तास दुसऱ्या तारखेला टाकण्याबद्दल. हा सल्ला सगळ्यात नुकसान करणारा आहे, कारण एकूण तास बरोबर राहतात आणि ओव्हरटाइम गायब होतो. अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं: पाळी मध्यरात्रीच्या पुढे जात असेल तर मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून सुरू होतो. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही हीच तरतूद ठेवलेली आहे.

सोमवारी २०:०० ला आलेला कामगार मंगळवारी ०७:३० ला गेला, सुट्टी २३:०० ते २३:३०. पगारी तास ११. अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे दिवसाला ९ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर होता, तोच धरला तर ९०० अधिक २ तासांचे ४००, एकूण १३०० रुपये. हीच पाळी तारखेवर तोडली की सोमवारी साडेतीन तास आणि मंगळवारी साडेसात. दोन्हीकडे ९ च्या आत, ओव्हरटाइम शून्य, रक्कम ११००. मंगळवारी रात्री तोच माणूस २२:०० ला पुन्हा आला तर त्याचे बारापर्यंतचे दोन तास मंगळवारच्या साडेसातात मिसळून साडेनऊ होतात आणि अर्धा तास भलताच ओव्हरटाइम उगवतो. तुमच्या आस्थापनेला दैनंदिन मर्यादा वेगळी लागू असेल तर ९ च्या जागी ती घ्या, पण पाळी तोडू नका. शनिवारी रात्रीची पाळी रविवारी पहाटे संपली तरी ती शनिवारच्याच ओळीत राहते. महिन्याच्या ३१ तारखेची रात्रही ३१ च्याच ओळीत.

हे सगळं एक्सेलमध्ये पाच सूत्रांत बसतं. A मध्ये पाळी सुरू झाल्याची तारीख, B येण्याची वेळ, C जाण्याची, D आणि E सुट्टीची सुरुवात व शेवट, F मध्ये पगारी वेळ आणि H1 मध्ये तासाचा दर:

```
F2:  =MOD(C2-B2,1)-MOD(E2-D2,1)
G2:  =MAX(0,F2-TIME(9,0,0))
F8:  =SUM(F2:F7)
G8:  =SUM(G2:G7)
H8:  =ROUND((F8+G8)*24*H1,2)
```

एक्सेल वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक धरतं, पूर्ण दिवस म्हणजे १. `MOD(…,1)` उणे उत्तरात एक दिवस मिळवतं, म्हणजेच वरचे २४ तास. २४ ने गुणलं की दशांशातले तास मिळतात. G मधला ओव्हरटाइम F मध्ये एकदा आलेलाच आहे, म्हणून तो आणखी एकदा मिळवला की दुप्पट होतो. इथे फक्त दैनंदिन मर्यादा पाहिली आहे. आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा वेगळी तपासावी लागते. पूर्णांकन शेवटी एकदाच करा. रोज ८ तास ५ मिनिटं आणि सहा रात्री, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस तास. पण रोज ८.०८ करून बेरीज केली तर ४८.४८ येतात.

F8 ला `[h]:mm` हे फॉरमॅट द्या. नुसतं `h:mm` असेल तर दर २४ तासांना आकडा शून्यावर येतो आणि ४८:३० च्या जागी ०:३० दिसतं. आकडा आत शाबूत असतो, पण छापील पत्रकावर वाचणाऱ्याला अर्धा तासच दिसतो.

सूत्र गप्प राहून चुकीचं उत्तर देतं अशा जागा ओळखून ठेवा. वेळ ६:१५ ऐवजी ६.१५ टाइप झाली तर ती वेळ नसून साधी संख्या असते, आणि ६.१५ व २१.४० वर हेच सूत्र नीटनेटके १८ तास दाखवतं. ओळखायला सेलचं फॉरमॅट General करून पाहा, खरी वेळ ० आणि १ च्या मध्येच असते. सुट्टीचा शेवट लिहायचा राहिला तर रिकामा रकाना ००:०० धरला जातो, म्हणजे २३:५० ला सुरू झालेली सुट्टी फक्त दहा मिनिटांची ठरते. सुट्टी ०२:०० ला सुरू झाली असेल तर बावीस तास वजा होऊन सेलमध्ये ##### दिसतं, ही चूक निदान कळते. आणि २२:०० ला आलेल्याची जाण्याची वेळ चुकून २१:३० पडली तर साडेतेवीस तास निर्विकारपणे येतात. म्हणून F मध्ये १६ तासांच्या वरची प्रत्येक ओळ लाल दिसेल अशी कंडिशनल फॉरमॅटिंग लावा आणि ती ओळ हजेरीशी ताडून पाहा.

चोवीस तास किंवा त्याहून लांब ड्युटीला मात्र `MOD` चालत नाही. सकाळी ०८:०० ते दुसऱ्या दिवशी ०८:०० अशी दुहेरी ड्युटी केलेल्या सुरक्षारक्षकाचे तास ते शून्य दाखवतं. तिथे B आणि C मध्ये तारखेसह वेळ लिहा आणि पहिला भाग साधा `C2-B2` ठेवा.