अण्णांना चार ओळी

मंडळीत कुणी आजारी पडलं तर त्यानं वडिलांना बोलवावं, वडिलांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात सांगितलंय. पण मंडळीचे वडीलच माळ्यावरचं पातेलं काढताना स्टुलावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले, तर काय करायचं? याकोब यावर गप्प आहे. आमच्या नगर जिल्ह्यातल्या मंडळीनं मग पत्र पाठवायचं ठरवलं. ते मी लिहायचं, कारण मी सेक्रेटरी.

अट एकच होती. ऑपरेशन झालेल्या अण्णांना भेटीच्या वेळेत त्यांची सून ते वाचून दाखवणार. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणजे वाचणार ती अण्णांसाठी, पण ऐकणार अख्खा वॉर्ड.

पहिला मजकूर पाळकसाहेबांनी दिला. ‘सर्वसमर्थ स्वर्गीय पित्याच्या कृपासिंहासनासमोर मध्यस्थीच्या प्रार्थनेद्वारे’ अशी त्याची सुरुवात होती. मी घरी मोठ्यानं वाचून पाहिला. क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर दोनदा श्वास घ्यावा लागला. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे अण्णा बरे होणार आहेत की आणखी काही, हे वाक्य संपेपर्यंत कळायची सोय नाही. आजारी माणसाला एवढा वेळ ताटकळत ठेवू नये.

मग वचन कोणतं घालायचं, यावर पंच कमिटी बसली. “तेविसावं स्तोत्र घाला, सगळ्यांना पाठ आहे,” एक काकू म्हणाल्या. पाठ आहे खरं, पण कुणामुळे? गावातल्या प्रत्येक मातीला अण्णांनीच ते वाचलंय. मृत्युछायेची दरी कानावर पडली की ते पहिलं विचारतील, “कोण गेलं?” दुसऱ्या एकांनी पौलाचं ‘धाव संपवली’ सुचवलं. खुबा मोडलेल्या माणसाला! तिसऱ्यांनी हिज्कीया राजा काढला. तो मरणोन्मुख झाला होता, त्यानं रडून प्रार्थना केली आणि देवानं त्याला १५ वर्षं वाढवून दिली. यावर खजिनदारांनी लगेच हिशेब केला, “अण्णा ७८चे, म्हणजे ९३.” कोपऱ्यातून आवाज आला, “आपण होऊन मर्यादा कशाला घालायची?” शेवटी ४१वं स्तोत्र ठरलं, आजाऱ्याला त्याच्या अंथरुणावर सांभाळणाऱ्या देवाचं. तेही अर्थापुरतंच घ्यायचं, अख्खं नाही, कारण पुढे त्यात वैरी येतात.

महिला मंडळाला सगळ्या कुटुंबांची नावं हवी होती. पण एक जरी राहिलं, तरी अण्णा घरी आल्यावर त्यांना पहिलं भांडण मिटवायला बसावं लागलं असतं. तरुण संघानं ‘तुमच्याविना मंडळी पोरकी’ लिहून आणलं. हे ऐकून अण्णा त्याच दिवशी वॉकर घेऊन निघाले असते. ‘लवकर या’ मी याच कारणानं खोडलं. आपल्याला ते प्रेमानं म्हटल्यासारखं वाटतं, पण अण्णांसारख्या माणसाला ते कामावर बोलावणं वाटतं. खजिनदारांनी शेवटी हळूच ता. क. सुचवला : दानाच्या कपाटाची चावी कुठे ठेवलीय? तेवढं विचारून घ्या. कपाट खरंच उघडत नव्हतं, पण हे विचारलं असतं तर वरच्या सगळ्या प्रार्थना चावीसाठीच वाटल्या असत्या.

एवढं सगळं गाळल्यावर उरलं काय? नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, त्यांची गीतं आम्ही अजून रविवारी म्हणतो, आणि अण्णा प्रत्येक कडव्याला सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागे असतात. पेटीवाल्यानं या पायी बऱ्याचदा डोक्याला हात लावलाय. या रविवारी मात्र गीत सगळ्यांचं एकदम संपलं, आणि पेटीवाल्यानंच मागे वळून पाहिलं. मग लिहायला वेळ लागला नाही :

‘अण्णा, प्रभूच्या नावानं सलाम. रविवारी आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना केली. टिळकांचं गीत म्हटलं. ते सगळ्यांचं एकदम संपलं, मागून तुमची ओळ आली नाही. चुकल्यासारखं झालं. आजाऱ्याला प्रभू अंथरुणावर सांभाळतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आता त्याला सांभाळू द्या. खुर्च्या पोरं लावतात. वाकड्या लावतात, पण लावतात. घाई करू नका. तुमची मंडळी.’

सावकाश वाचलं तरी मिनिटाच्या आत संपतं. पाळकसाहेबांनी एकदा वाचलं, ‘कृपासिंहासन’ कुठे दिसतंय का पाहिलं आणि सही केली.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. दोनदा वाचावं लागलं म्हणाली, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना मधलं नीट ऐकू आलं नव्हतं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खुर्च्या वाकड्या का? फरशीची रेघ धरा म्हणावं. आणि चावी तबल्याच्या खोळीत आहे. खजिनदार विचारायला लाजला असेल.”